गणपतीला गिरणी बंद ठेवताना पाटी कशी लिहावी

डोंबिवलीत माझी पिठाची गिरणी आहे आणि गाव राजापूर तालुक्यात. म्हणजे भाद्रपदात गिरणी बंद ठेवून गावी जायचं हे ठरलेलंच. पहिल्या वर्षी मी शटरवर एक कागद चिकटवला होता: ‘गणपतीनिमित्त गिरणी बंद राहील. ग्राहकांनी सहकार्य करावे.’ एवढंच. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, मी गावी माटवी बांधत असताना, एका काकूंचा फोन आला. त्यांची मोदकांची पिठी आत कुलपात होती. ती कधी न्यायची हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं, कागदावरही नव्हतं. किल्ली माझ्या खिशात, मी चारशे किलोमीटरवर. त्यांनी त्या वर्षी विकतच्या पिठीचे मोदक केले. ती चूक माझी होती, आणि ती कागद लिहिताना झाली होती.

गिरणी, शिंप्याचं दुकान, लाँड्री, मिक्सर-दुरुस्ती अशी ज्यांची दुकानं नवी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. या सगळ्या धंद्यांत गिऱ्हाइकाची वस्तू आपल्या ताब्यात असते. वाण्याचं दुकान बंद असलं तर माणूस शेजारच्या वाण्याकडे जातो. आपल्याकडे मात्र त्याचा डबा अडकलेला असतो. त्यामुळे दुकान कधी बंद, यापेक्षा ‘माझा डबा कधीपर्यंत मिळेल’ हा प्रश्न मोठा असतो, आणि पाटीने आधी त्याचं उत्तर द्यायला हवं.

आधी तारखा, त्याही उलट्या क्रमाने

पाटी लिहायला बसण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा आणि परत येण्याच्या दिवसापासून मागे या. मी २०२५ सालचा हिशेब तसाच्या तसा सांगतो.

त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. आमच्याकडे गौरी-गणपती एकत्र जातात, आणि गौरी विसर्जन २ सप्टेंबरला, मंगळवारी होतं. ३ तारखेला गावाहून निघायचं. आता इथे नवखा माणूस ४ तारखेला गिरणी उघडेल असं लिहून मोकळा होतो. तसं करू नका. परतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांच्या रांगा लागतात, रेल्वेचं तिकीट प्रतीक्षा यादीत राहू शकतं, आणि वेळेवर पोचलात तरी दहा दिवस बंद असलेली चक्की लगेच सुरू करता येत नाही. दगडात अडकलेलं पीठ दमट हवेत धरून बसतं, ते झाडून, थोडे हलके गहू दळून बाहेर काढावं लागतं. म्हणून ४ तारीख मी साफसफाईसाठी आणि उशिरासाठी राखून ठेवली आणि ५ सप्टेंबर, शुक्रवार ही उघडण्याची तारीख धरली. एक दिवस आधी उघडलात तर कुणी रागावत नाही, पण लिहिलेल्या दिवशी शटर खाली दिसलं तर पुढच्या वर्षी कुणी पाटी वाचत नाही.

मग जाण्याची बाजू. गाडी सोमवारी, २५ ऑगस्टला. सोमवार आमची साप्ताहिक सुट्टी, म्हणजे दळण्याचा शेवटचा दिवस रविवार, २४ तारीख. रविवारी दळून पूर्ण व्हायचं तर डबे शनिवारी रात्रीपर्यंतच घ्यायला हवेत. मोदकांच्या तांदळाचं त्याहून आधी. तांदूळ दळायच्या आधी चक्कीतलं गव्हाचं पीठ काढून टाकावं लागतं, नाहीतर पिठीत गहू मिसळतो आणि उकड चिकट होते. प्रत्येक डब्यासाठी चक्की साफ करणं परवडत नाही, म्हणून सगळा तांदूळ एकाच सकाळी दळतो. शिवाय धुतलेला तांदूळ लोक घाईत अर्धवट वाळवून आणतात. तो ओलसर असला की पीठ दगडाला चिकटतं, चक्की तापते. असा तांदूळ परत देऊन पुन्हा वाळवून आणायला सांगायचा, तर हातात एक दिवस हवा. म्हणून तांदूळ शुक्रवारपर्यंत.

अशा रीतीने एका सुट्टीच्या चार तारखा निघाल्या: तांदूळ घेण्याची शेवटची, गहू-ज्वारी घेण्याची शेवटची, डबे नेण्याची शेवटची, आणि पुन्हा उघडण्याची. तुमचा धंदा वेगळा असेल तर नावं बदलतील. शिंप्याकडे माप घेण्याची आणि कपडे नेण्याची तारीख असेल. पण ‘घेणे’ आणि ‘नेणे’ या दोन तारखा वेगळ्या लिहायच्या, हे कुठेही बदलत नाही.

‘पर्यंत’ या शब्दाने होणारा घोळ

‘२५ ऑगस्ट ते ४ सप्टेंबरपर्यंत बंद’ असं लिहिलं की ४ तारखेला निम्मे लोक डबा घेऊन येतात. त्यांचं चुकत नाही. ‘चारपर्यंत बंद’ म्हणजे चारला उघडणार, असं बोलताना आपणही म्हणतोच. म्हणून दोन गोष्टी करा. बंद असलेला शेवटचा दिवस ‘धरून’ असं लिहा, आणि त्याच्याखाली वेगळ्या ओळीत उघडण्याचा दिवस वार आणि वेळेसकट लिहा. वार फार कामाचा असतो. तारीख लिहिताना हात चुकला तर वार जुळत नाही आणि कुणीतरी तुम्हाला विचारतं. वार नसेल तर चूक तशीच भिंतीवर राहते.

सणाच्या नावावरून उघडण्याचा दिवस सांगणं टाळा. ‘गणपतीनंतर उघडेल’ याचा अर्थ कुणाच्या घरी दीड दिवसांनी, कुणाच्या घरी पाच दिवसांनी, तर कुणासाठी अनंत चतुर्दशीनंतर. दिवाळीत तर दिवसच पुढे-मागे होतो. २०२५ साली उत्तर भारतात लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला झालं आणि आपल्याकडे २१ ला. माझ्या इमारतीतच उत्तर प्रदेशातली तीन कुटुंबं आहेत. ‘लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी’ असं लिहिलं असतं तर ती माणसं २१ ला येऊन उभी राहिली असती. ‘सार्वजनिक सुट्टीनंतर’ हेही नको. २०२५ च्या गणपतीतच ईदची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगरात ५ सप्टेंबरऐवजी ८ सप्टेंबरला दिली गेली, बाकी महाराष्ट्रात ती ५ लाच राहिली. डोंबिवलीत राहून मुंबईत नोकरी करणाऱ्याने यातली कुठली सुट्टी धरायची?

तातडीचा संपर्क कुणाचा द्यायचा

पाटीवर खाली मालकाचा मोबाइल नंबर लिहिला की काम झालं असं वाटतं. पण स्वतःला विचारा, त्या नंबरवर फोन आला तर तुम्ही गावातून काय करणार आहात? आमच्या वाडीत अंगणाच्या एका कोपऱ्यातच रेंज मिळते, आणि रेंज मिळाली तरी किल्ली दुकानापाशी नसते. तातडीचा संपर्क म्हणजे ज्याच्याकडे किल्ली आहे आणि जो पायी दहा मिनिटांत दुकानापाशी पोचू शकतो, असा माणूस.

माझ्यासाठी हे काम शेजारचा स्टेशनरीवाला करतो. तो गावी जात नाही, त्याच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. त्यामुळे गणपतीचे पहिले दोन दिवस डब्यासाठी त्याला फोन करू नये हेही मी लिहितो. त्याला आधी विचारलं, मग त्याचा नंबर लिहिला. न विचारता कुणाचा नंबर भिंतीवर लावणं योग्य नाही, मग तो सख्खा भाऊ असला तरी. आणि घरातल्या बाईमाणसाचा नंबर शटरवर लावू नका. तो कागद रस्त्यावरचा प्रत्येक जण वाचतो.

किल्ली देताना त्याला तीन गोष्टी सांगून ठेवल्या. एक, दुकानात काय आहे आणि कुठे आहे. दोन, काय करायचं नाही: चक्की चालवायची नाही, मेन स्विच लावायचा नाही, कुणी कितीही विनवलं तरी दळण घ्यायचं नाही. तीन, कशासाठी कुणाला फोन करायचा. शटरखालून पाणी आत जातंय किंवा मीटरमधून जळका वास येतोय, तर वीज वितरणसाठी १९१२, आगीसाठी १०१, आणि मग मला. हे नंबर एका पुठ्ठ्यावर लिहून त्याच्या गल्ल्याशेजारी लावले.

पाटीवर मात्र तातडीची व्याख्या करावी लागते, नाहीतर ‘दादा, दोन किलो बेसन दळून द्याल का’ असे फोन त्या बिचाऱ्याला येतात. ‘राहिलेला डबा हवा असल्यास किंवा दुकानात पाणी, धूर दिसल्यास’ असं स्पष्ट लिहा. आणि दळणच हवं असेल त्यांच्यासाठी जवळच्या चालू गिरणीचा पत्ता द्या. त्या गिरणीवाल्याला आधी सांगून ठेवा की माझी गिऱ्हाइकं येतील. मी हे करतो म्हणून माझी गिऱ्हाइकं तिकडे राहिली असं कधी झालं नाही. त्याच्या सुट्टीत मीही त्याचे डबे दळतो.

नंबर लिहिताना एक बारीक काळजी. तारखा मराठी आकड्यांत चांगल्या दिसतात, पण फोन नंबर मोबाइलच्या कळांवर असतात त्याच आकड्यांत लिहा. मराठी १ घाईत 9 सारखा वाचला जातो आणि ४ 8 सारखा. एका नंबरात दोन्ही पद्धती कधीच मिसळू नका. लिहून झाल्यावर त्या कागदावरूनच, पाठ असलेला नंबर विसरून, एकदा फोन लावून बघा.

पाटी

२०२५ साली माझी पाटी अशी होती. नाव आणि नंबर काढून टाकले आहेत, बाकी तीच.

गिरणी बंद
सोमवार २५ ऑगस्ट ते गुरुवार ४ सप्टेंबर (दोन्ही दिवस धरून)

पुन्हा सुरू: शुक्रवार ५ सप्टेंबर, सकाळी ९ वाजता

मोदकांचे तांदूळ घेण्याची शेवटची वेळ: शुक्रवार २२ ऑगस्ट, रात्री ८. तांदूळ पूर्ण वाळवून आणावेत.
इतर दळण घेण्याची शेवटची वेळ: शनिवार २३ ऑगस्ट, रात्री ८.
डबे नेण्याची शेवटची वेळ: रविवार २४ ऑगस्ट, संध्याकाळी ७. कृपया त्या वेळेच्या आत न्यावेत.

राहिलेल्या डब्यासाठी किंवा दुकानात पाणी, धूर दिसल्यास: शेजारील स्टेशनरी दुकान, 98××× ×××××, सकाळी १० ते रात्री ८. २७ व २८ ऑगस्ट रोजी फक्त पाणी किंवा धूर दिसल्यास फोन करावा.
या काळात दळणासाठी: मागच्या गल्लीतील गिरणी, मारुती मंदिरासमोर.

सर्वांना गौरी-गणपतीच्या शुभेच्छा.

शुभेच्छा सगळ्यात खाली आहेत, हे मुद्दाम. बरेच जण वर मोठा गणपती, मग ‘सर्व सन्माननीय ग्राहकांना कळविण्यात येते की’, आणि मग बारीक अक्षरांत तारखा लिहितात. डबा कमरेवर घेऊन रस्त्यापलीकडून बघणाऱ्या बाईला वरच्या दोन ओळीच दिसतात. त्या दोन ओळी बंद असण्याच्या आणि उघडण्याच्या असाव्यात, आणि बाकी मजकुराच्या दुप्पट मोठ्या असाव्यात.

काय लिहू नये तेही सांगतो. ‘सहकुटुंब गावी जात आहोत’ असं लिहू नका. दुकान बंद आहे हे लपत नाही, पण घरही रिकामं आहे हे सांगायची गरज नाही. निघताना गल्ला रिकामा करून त्याचा खण उघडा ठेवा, म्हणजे शटर वाकवून आत डोकावणाऱ्यालाही दिसेल की आत काही नाही.

कधी आणि कुठे लावायची

किती दिवस आधी, याचं उत्तर तुमच्या गिऱ्हाइकांच्या फेऱ्यांत आहे. माझ्याकडे बहुतेक घरं दहा ते पंधरा दिवसांनी डबा टाकतात. म्हणजे पाटी पंधरा दिवस आधी लागली तर प्रत्येक घर ती किमान एकदा बघतं. २५ तारखेच्या बंदसाठी मी १० ऑगस्टला, रविवारी लावली. शेवटच्या तीन दिवसांत लावलेली पाटी ज्यांचा डबा नुकताच झाला आहे त्यांना दिसतच नाही, आणि त्यांचं पीठ नेमकं सुट्टीच्या मधोमध संपतं. पाटी बघून कुणी दुप्पट गहू टाकायला निघालं तर मी थांबवतो. भाद्रपदाच्या दमट हवेत जास्तीचं पीठ कुबट होतं, पोरकिडे होतात. नेहमीचा डबा शेवटच्या आठवड्यात दळून नेला तर माझ्या अकरा दिवसांत बहुतेक घरांना पुरतो.

जागा दोन लागतात. एक पाटी वजनकाट्याच्या वर, आतल्या भिंतीवर. तिथे माणूस उभा राहतोच. पण शटर खाली आलं की ती आत जाते, म्हणून दुसरी बाहेरची. पन्हळीच्या शटरवर कागद नीट चिकटत नाही आणि पावसात चिकटपट्टी सुटते. माझा पहिला कागद असाच दुसऱ्या दिवशी गटारात गेला असणार. आता मी जाड पुठ्ठ्यावर न पुसणाऱ्या मार्करने लिहितो, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड खाली ठेवतो, म्हणजे पाणी आत साचत नाही, आणि कुलपाच्या कडीला तारेने बांधतो. शाईच्या पेनाने लिहू नका, ओल लागली की आधी तारखाच पसरतात.

व्हॉट्सअॅपवरही टाका, पण त्यावर विसंबू नका. स्टेटस चोवीस तासांत जातं, आणि ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश फक्त ज्यांनी तुमचा नंबर साठवून ठेवलाय त्यांनाच पोचतो. मी सोसायटीच्या गटात तीनदा टाकतो: पाटी लावली त्या दिवशी, तांदळाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, आणि परतल्यावर उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी. गूगल मॅपवर दुकान असेल तर तिथे Special hours मध्ये त्या तारखा बंद म्हणून टाका. नाहीतर ते लोकांना दुकान उघडं आहे असंच दाखवत राहतं.

शेवटचा रविवार

शेवटच्या आठवड्यात डब्यावरच्या चिठ्ठीवर नावाबरोबर फोन नंबरही लिहून घ्या. रविवारी चार वाजता उरलेले डबे मोजा आणि एकेकाला फोन लावा. २०२५ साली संध्याकाळी चौदा डबे उरले होते. फोनवर अकरा जण येऊन घेऊन गेले. तीन जण बाहेरगावी होते. ते तीन डबे मी आत ठेवले नाहीत, स्टेशनरीच्या दुकानात माळ्यावर ठेवले, आणि त्या तिघांना तसा संदेश पाठवला. यामुळे डब्यासाठी शटर उघडावंच लागलं नाही. किल्ली फक्त पाण्या-आगीसाठी राहिली.

गावाहून निघायला उशीर झाला आणि तारीख चुकणार असं दिसलं, तर शेजाऱ्याला फोन करून पुठ्ठ्यावरच्या उघडण्याच्या ओळीवर नवा कागद पूर्ण चिकटवायला सांगा. जुनी तारीख खोडून शेजारी नवी लिहिली की लोक दोन्ही वाचतात आणि आपल्याला सोयीची ती धरतात. वर ‘बदललेली तारीख’ असे दोन शब्द हवेत, म्हणजे ज्याने आधी वाचलं होतं त्याला आपलं चुकलं असं वाटत नाही.

उघडलात त्या सकाळी दोन्ही पाट्या काढा, गूगलवरच्या तारखाही बघून घ्या. आतली पाटी राहून गेली तर दुपारी कुणीतरी ती वाचून चालू चक्कीसमोरून परत जातं. एका वर्षी माझ्याकडे असं झालं आहे.

२०२६ साली अधिक महिन्यामुळे गणपती उशिरा आहेत. चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी, आणि गौरी विसर्जन १९ ला, शनिवारी. मी शनिवारी १२ ला निघेन. म्हणजे डबे नेण्याचा दिवस शुक्रवार ११, दळण घेण्याचा गुरुवार १०, तांदळाचा बुधवार ९. रविवारी २० ला परतायचं, सोमवारी २१ ला तशीही साप्ताहिक सुट्टी, तिथेच साफसफाई उरकेल. ‘सोमवारी उघडेल’ असं चुकून लिहायचा मोह याच वर्षी होईल, म्हणून कच्च्या कागदावर आताच लिहून ठेवलंय: मंगळवार, २२ सप्टेंबर, सकाळी ९. पाटी २८ ऑगस्टला लागेल.